मदत हवी आहे: चित्रपुस्तकाचा अनुवाद मोठ्याने वाचताना अडखळतो

शेवंती_फोंडा

नमस्कार. एका इंग्रजी चित्रपुस्तकाचा मराठी अनुवाद करते आहे. हक्क वगैरे प्रकाशकाने घेतलेत, ती बाजू नीट आहे. गोष्ट साधी: थंडीत आई गाढ झोपलेली, अस्वलाच्या पिल्लाला मात्र झोप येत नाही. ते बर्फातून एकेक दार ठोठावत जातं आणि कोणी जागं आहे का बघतं. प्रत्येक डाव्या-उजव्या पानाच्या जोडीवर चार ओळी आहेत. शेवटची ओळ प्रश्नावर थांबते आणि पान उलटलं की त्या दारातला प्राणी दिसतो.

इंग्रजीत प्रत्येक ओळीला चार ठोके पडतात, वाचणाऱ्याला काही करावंच लागत नाही. माझं मराठी असं आहे:

पिल्लू गेलं दारापाशी,
टकटक केली हळूच जराशी.

कागदावर बरं वाटलं. पण आमच्या गावच्या प्राथमिक शाळेतल्या बाईंनी पहिलीच्या वर्गात वाचलं, तेव्हा त्या दुसऱ्या ओळीत दर वेळी घाईला आल्या. मुलं ऐकत होती, पण एकाही ठिकाणी सोबत म्हणू लागली नाहीत. यमक आहे, मग चुकतंय कुठे?

केपेचा_वाचक

सोपं आहे, अक्षरं मोजा. पहिल्या ओळीत आठ, दुसरीत बारा. दोन्हीकडे आठ करा. ओव्या, अभंग सगळे अक्षरांवरच चालतात.

शेवंती_फोंडा

करून बघितलं:

पिल्लू आलं दारावरी,
हळू टकटक करी.

दोन्हीकडे आठ. तरी दुसरी ओळ अर्ध्यातच संपल्यासारखी वाटते.

साखळीकर_मास्तर

वाटणारच. केपेचे वाचक म्हणतात ते गाण्याला लागू पडतं. अभंग म्हणताना स्वर लांबवून आपण कमी पडलेली जागा भरून काढतो. वाचताना कोणी स्वर लांबवत नाही, म्हणून अक्षरं सोडा आणि मात्रा मोजा. ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन, जोडाक्षराआधीच्या अक्षरावर आघात आला तर त्याच्याही दोन. 'पिल्लू आलं दारावरी' च्या पंधरा होतात, 'हळू टकटक करी' च्या दहाच. बाई कुठे अडखळतात ते यातच दिसतं. 'दारावरी' आणि 'टकटक' दोन्ही चार अक्षरी, पण पहिल्याला सात मात्रा लागतात, दुसऱ्याला चारच. इंग्रजीचे चार ठोके मराठीत आणायचे तर चार मात्रांचा एक ठोका धरा, म्हणजे ओळ सोळा मात्रांची. पादाकुलक या वृत्ताची चाल हीच. आपली पुष्कळ बडबडगीतं त्यातच बसतात, त्यामुळे मुलांच्या कानाला ती ओळखीची असते.

मी असं करेन:

टक् टक् टक् टक् दार वाजते,
दारामागे कोण जागते?

टाळी देऊन म्हणून बघा, ओळीला चार टाळ्या. आणि ही जोडी प्रत्येक दाराशी जशीच्या तशी ठेवा, एक शब्दही बदलू नका. तिसऱ्या दारापर्यंत मुलं 'टक् टक्' स्वतःच सुरू करतील. हल्ली तुमची प्रत्येक जोडी नवीन आहे, मग मुलांनी म्हणायचं काय?

म्हापसा_माया

मीही अनुवाद करते म्हणून विचारते. माझ्या पुस्तकात चित्रातच पाट्या इंग्रजीत रंगवल्यात, बेकरीवर, बसवर. त्या कशा बदलायच्या?

साखळीकर_मास्तर

माया, अक्षरं चित्रापासून वेगळ्या थरावर आहेत का ते प्रकाशकाला विचारा. असतील तर बदलता येतात, नसतील तर चित्रकाराने पुन्हा रंगवल्याशिवाय गत्यंतर नाही. वेगळा धागा काढा, इथे विषय भरकटेल.

बार्देसचो_पोर

हें सगळें कोंकणींत करा मगो. घरांत भुरगीं कोंकणीच उलयतात.

शेवंती_फोंडा

कोंकणीतही व्हायला हवं, खरंच. पण हक्क मराठीचे आहेत आणि वर्गही मराठी माध्यमाचा आहे.

मास्तर, टाळ्या दिल्या. घरी भाचीने दुसऱ्याच दाराला 'टक् टक्' म्हटलं! आता पुढची अडचण. इंग्रजीत पान उलटण्याआधी 'तिथे बसलं होतं एक मोठं...' अशा अर्थाची ओळ आहे, आणि पुढच्या पानावर घुबड. मराठीत 'मोठं' म्हटलं की 'कोल्हा नाही' हे मुलांना आधीच कळतं. 'मोठा' म्हटलं की खार बाद होते. शिवाय आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे 'घुबड बसलं होतं' म्हणेपर्यंत मजा संपलेली असते.

साखळीकर_मास्तर

ही खरी अडचण. क्रियापद पुढच्या पानावर नेऊच नका. पान उलटण्याआधी वाक्य पूर्ण व्हायला हवं आणि पुढच्या पानावर प्राण्याचं नाव पहिल्याच शब्दात यायला हवं. लिंगाचं म्हणाल तर प्राण्याचं विशेषण टाळा आणि खिडकीतून जेवढं दिसतं तेवढंच सांगा. डोळे दिसतात ना? मग 'गोल', 'लाल' अशी न बदलणारी विशेषणं डोळ्यांना लावा. लिंग डोळ्यांचं राहतं, प्राण्याचं कळत नाही:

गोल गोल ते डोळे कसले?
(पान उलटा)
घुबडच हसले!

पहिली ओळ सोळा मात्रांची, उत्तर आठांचं. उत्तर तोकडं ठेवलं तर उरलेल्या वेळात मुलं चित्र बघतात. बाईंना सांगा, प्रश्न झाल्यावर पान लगेच उलटू नका.

चिखली_चिंगी

'वाजते, जागते, हसले' हे पुस्तकी वाटतं. मुलं 'वाजतं, जागतं' म्हणतात.

साखळीकर_मास्तर

'ते' च्या जागी 'तं' ठेवलं तरी मात्रा तेवढ्याच, ओळ मोडत नाही. गोव्यातली कित्येक मुलं मराठी प्रथम शाळेच्या पुस्तकातच वाचतात, म्हणून मी छापील रूप ठेवलं. वर्गात दोन्ही वाचून बघा आणि बाईंना विचारा. माझा हट्ट नाही.

केपेचा_वाचक

एक शंका. 'दार' मध्ये 'र' ची मात्रा धरलीत, पण आपण म्हणतो 'दार्'. मग मोजणी कशी जमते?

साखळीकर_मास्तर

चांगली शंका. बोलताना शेवटचा 'अ' गळतो, पण त्या व्यंजनाला वेळ लागतोच, म्हणून मोजणी बहुधा जुळते. जिथे जुळत नाही तिथे कानावर विश्वास ठेवा, कागदावर नको. परीक्षा एकच: ज्याने मजकूर पाहिलेला नाही अशा माणसाला द्या, तयारी न करता मोठ्याने वाचायला सांगा, आणि तो अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण करा. आपण स्वतः वाचतो तेव्हा तोंड आपोआप सांभाळून घेतं.

पेडणेकर_बाय

फुगडीच्या ठेक्यावर बसवा. आमच्याकडे चवथीला लहान पोरीही धरतात.

साखळीकर_मास्तर

बाय, फुगडीचा वेग वाढत जातो. वाचणाऱ्याला पानही उलटायचंय. 'टक् टक्' च्या ओळीपुरतं चालेल, सगळ्या गोष्टीला नको.

शेवंती_फोंडा

घुबडाचं पान जमलं! बाईंनी वाचताना मुलं 'डोळे कसले' नंतर थांबली आणि मग ओरडलीच. पण कोल्ह्याकडे अडले. खिडकीत शेपूट दिसतं, म्हणून 'लांब लांब हे शेपुट कसले?' अशी ओळ केली. सोळा बसतात. पण उत्तर 'कोल्हा हसला', यमक गेलं. 'कोल्होबा हसले' केलं तर यमक येतं, पण दहा मात्रा होतात आणि बाई तिथेच अडखळतात.

चिखली_चिंगी

'शेपुट' ऐवजी 'शेपटी' घ्या, 'लांब लांब ही शेपटी कसली?'

शेवंती_फोंडा

ती सतरा होते आणि 'कसली' ला 'हसला' मुळीच जुळत नाही. शिवाय 'शेपटी' घेतली तर पुढे खारीचं काय करू? तिच्याकडेही शेपटीच आहे.

साखळीकर_मास्तर

कोल्ह्याचे कान दाखवून चालेल का? चित्रात दिसत असतील तर उद्या सांगा.