मदत हवी आहे: बीपीमुळे विश्रांती सांगितलीय, ताईला कधी बोलावू?

मृण्मयी_नाशिक: ३१ वा आठवडा चालू आहे. बीपी १४६/९४, लघवीत प्रोटीन नाही. लॅबेटालॉल सुरू झाली आणि विश्रांती घ्यायला सांगितलंय. नवऱ्याची कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय आणि घरात चार वर्षांचा मुलगा. ताई सोलापूरला असते. फोनवर मला रडू येतं, म्हणून हे लिहिलंय:

"प्रिय ताई, घाबरू नकोस, बाळ छान आहे. पण पिंट्याला शाळेत सोडणं, पाणी भरणं, दोन वेळचा स्वयंपाक आता माझ्याच्याने होत नाही. भाऊजींशी बोलून डिलिव्हरीपर्यंत येशील का?"

ताईला जेमतेम महिनाभर येता येईल. आत्ता बोलावू की शेवटी?

जोशीकाकू: आत्ताच बोलव. मीठ पूर्ण बंद कर आणि डाव्या कुशीवर पडून राहा, अजिबात उठू नकोस.

रजेवाला: मॅटर्निटी लीव्ह २६ आठवडे मिळते, त्यातली आठ आधी घेता येते. एचआरला मेल टाका.

मृण्मयी_नाशिक: दादा, मी नोकरी करत नाही हो.

सिस्टर_वॉर्ड: काकू, कूस ठीक आहे, पण दिवसभर पडून राहिल्याने बीपी उतरत नाही, उलट पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती असते. घरात हळू चालायला हरकत नाही, जड कामं नकोत. पापड-लोणचं कमी करा, अळणी जेवायची गरज नाही.

मृण्मयी, "घाबरू नकोस, बाळ छान आहे" वाचून ताई निवांत बसेल. तिला तुमच्यावर लक्षही ठेवायचंय, ते लिहा. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात छातीच्या उंचीवर ठेवून सकाळ-संध्याकाळ बीपी मोजायचं. वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० झाला तर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढाच आला तर लगेच दवाखाना, सकाळची वाट बघू नका. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली दुखणं किंवा बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर आकडा कितीही असो, निघा.

आणि महिना सगळा आधीच संपवू नका. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी पुन्हा चढू शकतं, तेव्हा घरी कुणीतरी हवंच.

जोशीकाकू: माझ्या वेळी तर पलंगावरून पाय खाली टेकवू दिला नव्हता.

मृण्मयी_नाशिक: बदललं: "ताई, माझं बीपी वाढलंय आणि रात्रपाळीला हे गेले की घरात मी आणि पिंट्याच असतो. आत्ता दोन आठवडे ये, मग बाळंतपणानंतर दोन. बीपी मोजायला मी शिकवीन. रात्री काही झालं तर १०८ लावायची, शेजारच्या काकू पिंट्याला बघतील."

पण मधल्या दिवसांतल्या रात्रपाळीचं काय? आणि डिलिव्हरी लवकर करावी लागली तर ताईची तारीख कशी धरू?

सिस्टर_वॉर्ड: पुढच्या तपासणीला हेच डॉक्टरांना विचारा. पक्की तारीख तेही देणार नाहीत. ताईला बॅग भरूनच ठेवायला सांगा.