अनुभव धागा: प्रुफातली दुरुस्ती जुन्याच फायलीत जाऊ नये म्हणून तुम्ही काय करता?

धागा मांडणारी, आर्वी

स्मरणिका, शाळेचा वार्षिकांक, गावातल्या कवीचा संग्रह. आपल्याकडे ही कामं एकाच वाटेनं जातात. मजकूर गावात वर्डमध्ये टाइप होतो, व्हॉट्सॲपवरून मुद्रितशोधकाकडे जातो, तालुक्याला डीटीपीवाला पानं लावतो आणि छपाई अमरावतीला नाहीतर नागपूरला. या वाटेवर एका लेखाच्या पाच-सहा प्रती सहज होतात.

बोलायला एक उदाहरण घेऊ. स्मरणिकेत गाडगेबाबांवर लेख आहे. जन्मसाल १८७६ पाहिजे, टाइप झालं १८६७. पहिल्या प्रुफात शोधकानं ते पकडलं, दुरुस्तही झालं. तिसऱ्या प्रुफात १८६७ पुन्हा हजर! हे कुठे घडतं, कसं ओळखायचं आणि कसं थांबवायचं, एवढंच सांगा. नुसतं ‘काळजी घ्या’ नको, पद्धत सांगा.

मुद्रितशोधक, पुलगाव

ताई, तुमच्या उदाहरणात शोधकाची चूक बहुतेक नसणार. तिसरं प्रूफ ज्या फायलीवरून काढलं ती, आणि दुरुस्ती ज्या फायलीत झाली ती, या दोन वेगळ्या असणार.

नावात ‘फायनल’ शब्द येऊच देऊ नये. फायनलनंतर हमखास `final2`, मग `final_navin` येतं आणि त्यातलं नंतरचं कोणतं हे नावावरून कळत नाही. त्यापेक्षा प्रुफाच्या फेरीला नंबर द्यावा:

```
smaranika_L07_p03.docx
smaranika_L07_p03_SK.docx
```

`L07` म्हणजे सातवा लेख, `p03` म्हणजे तिसरी फेरी. दुसरं नाव शोधकाकडून परत आलेल्या फायलीचं, शेवटी त्याची आद्याक्षरं. यात जीव आहे तो एका नियमात: शोधकानं नंबर वाढवायचा नाही. `p03` त्याच्याकडे गेली तर `p03_SK` म्हणूनच परत येणार. `p04` करण्याचा हक्क एकाच माणसाला, ज्याच्याकडे मूळ फाइल आहे त्याला. मग परत आलेल्या फायलीचं नाव वाचलं की लगेच कळतं की या दुरुस्त्या कोणत्या मजकुरावर केल्या आहेत. आपल्याकडे `p05` चालू असताना `p03_SK` आली, तर तिथेच हात थांबतो. `final_SK` आली असती तर थांबला नसता.

आकडा दोन अंकी ठेवा, नाहीतर काही ठिकाणी यादीत `p10` हे `p2` च्या वर बसतं. नावं रोमन लिपीत ठेवा. देवनागरी नावं चालतात, पण जुन्या झिप प्रोग्रामातून गेली की कधी कधी त्यांची प्रश्नचिन्हं होतात.

वाचनालय सचिव, अंजनगाव सुर्जी

एवढा खटाटोप कशाला? फोल्डर उघडायचं, `Date modified` वर क्लिक करायचं, सगळ्यात वरची फाइल ताजी. आमच्याकडे असंच चालतं.

डीटीपी, दारव्हा

सचिवसाहेब, एकाच संगणकावर सगळं काम होत असेल तर तुमचं बरोबर आहे. फाइल व्हॉट्सॲपवरून आली की ते बिघडतं. डाउनलोड केल्यावर तारीख डाउनलोडची पडते. मागच्या महिन्यातली `p02` आज कोणी पुन्हा पाठवली आणि तुम्ही उतरवली, तर यादीत तीच सगळ्यात वर. शिवाय जुनी फाइल नुसती बघायला उघडली आणि बंद करताना सवयीनं सेव्ह केली, तरी ती ‘ताजी’ होते. तारीख एवढंच सांगते की फाइल शेवटची कधी लिहिली गेली. आत कोणत्या फेरीचा मजकूर आहे ते नाही सांगत.

काही फोनवर तर नावच जातं, `DOC-20240115-WA0003` असं काहीतरी होऊन बसतं. म्हणून नंबर नावात पाहिजे तसा पानावरही पाहिजे. वर्डच्या फुटरमध्ये `Insert > Quick Parts > Field` मधून `FileName` टाकलं की प्रत्येक पानाखाली फायलीचं नाव छापून येतं. `Save As` केल्यावर फुटर लगेच बदलत नाही, प्रिंट प्रिव्ह्यू उघडला की बदलतं. इनडिझाइनमध्ये हेच `Type > Text Variables` मध्ये आहे.

मुद्रितशोधक, पुलगाव

भाऊ, फील्डवर माझा भरवसा नाही. कोणी `p02` चं नाव बदलून `p05` केलं, तर फुटरही `p05` सांगणार. मी नंबर हातानं टाइप करायला लावतो. मग नाव `p05` आणि पानाखाली `p02` दिसलं की गडबड तिथेच उघडी पडते.

डीटीपी, दारव्हा

हातानं टाइप केलेला नंबर बदलायचा राहतो ना! नवी फेरी आणि खाली जुनाच आकडा, हे मी जास्त वेळा बघतो. असो, ज्याच्या हाताला जे जमते ते.

मला खरं सांगायचं होतं ते वेगळं. ताईंचं १८६७ परत येण्याची सगळ्यात मोठी जागा म्हणजे वर्डमधून पानं लावायची वेळ. मी लेख इनडिझाइनमध्ये ओतला की वर्डची फाइल मेली. आता मूळ माझ्याकडची पानं. पण लेखकाला हे कोणी सांगत नाही. तो आपल्या वर्डच्या फायलीत एक परिच्छेद वाढवतो आणि सांगतो, “भाऊ, ही नवी टाका.” त्याच्या फायलीत पानांवर झालेली एकही दुरुस्ती नसते. मी ती ओतली की सगळ्या जुन्या चुका परत.

म्हणून पानं लावायच्या दिवशी मी दोन गोष्टी करतो. वर्डच्या सगळ्या फायली `JUNE` नावाच्या फोल्डरात हलवतो आणि रीड-ओन्ली करतो. मग सगळ्यांना एक निरोप जातो: लेख ७ ची पानं लागली, आता वर्ड फाइल घेतली जाणार नाही, बदल चिठ्ठीनं द्या. चिठ्ठीत फक्त पान आणि ओळ लिहून भागत नाही. आधीच्या पानावर दोन ओळी वाढल्या की पुढचं सगळं सरकतं. चुकीचा शब्द, बरोबर शब्द आणि आजूबाजूचे तीन-चार शब्द लिहा, म्हणजे मला शोधता येतं. वर प्रुफाचा नंबर पाहिजेच.

मुख्याध्यापिका, सिंदेवाही

आमच्याकडे वीज फार जाते. वार्षिकांकाच्या फायली मी रोज संध्याकाळी पेन ड्राइव्हवर घेते, एक कॉपी माझ्याकडे, एक लिपिकाकडे. त्यामुळे काही हरवत नाही. हेच विचारलं होतं ना?

धागा मांडणारी, आर्वी

मॅडम, विचारलं होतं थोडं वेगळं. हरवण्याची भीती नाही, उलट प्रती जास्त होण्याची आहे. लिपिकानं त्याच्या पेन ड्राइव्हवरच्या प्रतीत दुरुस्ती केली, तर ती मूळ फायलीत कशी येते?

मुख्याध्यापिका, सिंदेवाही

हं. तो मला तोंडी सांगतो. म्हणजे हाच प्रश्न आमच्याकडेही आहे. पेन ड्राइव्हवरच्या फोल्डरला तारीख टाकून `BACKUP_HAAT_LAVU_NAYE` असं नाव दिलं तर?

डीटीपी, दारव्हा

उत्तम, मॅडम. तारीख मात्र `2024-01-15` अशी, वर्ष आधी. विंडोज नावात तिरपी रेघ घेत नाही, आणि वर्ष आधी असलं की यादी आपोआप क्रमानं लागते.

संगणक शिक्षक, मेहकर

घोळ आधीच झाला असेल तर काय करायचं, ते लिहितो. `p03` शोधकाकडे होती. तेवढ्यात इकडे `p04`, `p05` झाल्या. आता `p03_SK` आली, त्यात समजा तेवीस दुरुस्त्या आहेत.

बरेच जण वर्डच्या `Review > Compare` मध्ये `p05` आणि `p03_SK` लावतात आणि `Accept All` करतात. हेच करायचं नाही. त्या तुलनेत शोधकाच्या तेवीस दुरुस्त्या दिसतात, आणि `p04`-`p05` मध्ये झालेला प्रत्येक बदल उलटा होऊनही दिसतो. १८७६ चं १८६७ तिथेच होतं, आणि मशीनला त्यात काही गैर दिसत नाही.

तुलना करायची ती कोऱ्या, म्हणजे शोधकाकडे पाठवली तशाच बिनखुणांच्या `p03` ची आणि `p03_SK` ची. मग फक्त शोधकाच्या तेवीस खुणा उरतात. त्या शेजारी ठेवून `p05` मध्ये एकेक हातानं घ्या, आणि ती झाली `p06`. म्हणूनच कोणतीही जुनी फेरी पुसू नका. कोरी `p03` नसेल तर तेवीस बदल कोणते ते कळायला मार्गच नाही. शोधकानं ट्रॅक चेंजेस चालू ठेवून (`Ctrl+Shift+E`) काम केलं असेल तर हाही त्रास वाचतो.

मजकूर साधा असेल, ठळक-तिरपं काही नसेल, तर तिन्ही फायली टेक्स्ट म्हणून सेव्ह करून गिट या फायलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडून जोडता येतात:

```
git merge-file -p p05.txt p03.txt p03_SK.txt > p06.txt
```

क्रम महत्त्वाचा: आधी चालू फाइल, मधे दोघांची मूळ, शेवटी दुरुस्त केलेली. एकाच परिच्छेदात दोन्हीकडे वेगळे बदल असतील तर गिट स्वतः ठरवत नाही, तिथे `<<<<<<<` अशी खूण टाकतं. ती हातानं सोडवायची. वर्डमधून सेव्ह करताना `UTF-8` निवडा, नाहीतर देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. आणि हे गिटसोबत येणाऱ्या गिट बॅशमध्ये चालवा. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये `>` नं अक्षरं बिघडतात.

कवी, लाखांदूर

गूगल डॉक्सवर एकच फाइल ठेवली की प्रतीच होत नाहीत. `File > Version history` मध्ये प्रत्येक फेरीला नाव देता येतं. काऊन एवढं गिट-बिट?

डीटीपी, दारव्हा

युनिकोडमध्ये असेल तर चांगलं आहे, दादा. पण गावातले अर्धे टंकलेखक अजून कृतिदेवमध्ये देतात. तो फाँट तिथे टाकता येत नाही, मजकूर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. आणि कोणी डॉक्समधून वर्ड फाइल उतरवून घेतली की प्रत झालीच.

कृतिदेवची आणखी एक गोष्ट. कृतिदेवमधली `p03` आणि युनिकोडमधली `p04` कम्पेअरला लावली तर जवळपास प्रत्येक शब्द बदललेला दिसतो, म्हणजे काहीच दिसत नाही. म्हणून फाँट बदलण्याआधी बाहेर असलेली सगळी प्रुफं परत मागवा, दुरुस्त्या घ्या, मगच बदला. बदलल्यावर दुसरं काही न करता एक नंबर फक्त त्यासाठी द्या, `p04_unicode`. ती एकदा पूर्ण वाचून घ्या, विशेषतः रफार आणि ऱ्हस्व वेलांटी. कन्व्हर्टर तिथेच चुकतो.

संगणक शिक्षक, मेहकर

आणि तरीही जुनी कृतिदेव `p03_SK` उशिरा आलीच, तर कोरी `p03` आणि `p03_SK` दोन्ही त्याच कन्व्हर्टरमधून काढा, मग तुलना करा. कन्व्हर्टरच्या चुका दोन्हीकडे सारख्याच होतात, त्यामुळे तुलनेत त्या मधे येत नाहीत.

वाचनालय सचिव, अंजनगाव सुर्जी

पटलं. पण एक अडतंच. आमचे शोधक ऐंशीच्या घरातले आहेत, कागदावरच तपासतात. दोघे आहेत, दोघांना एकाच प्रुफाच्या दोन छापील प्रती जातात. एकाचा कागद आठ दिवसांनी येतो, दुसऱ्याचा महिन्यानं. मूळ फाइल तोवर थांबवायची?

मुद्रितशोधक, पुलगाव

दोन्ही कागद येईपर्यंत नंबर वाढवायचा नाही, असं माझं मत. दोघांच्या खुणा लाल आणि निळ्या पेनानं एकाच कागदावर उतरवा. एकाच शब्दाला दोघांनी वेगळी दुरुस्ती दिली असेल तर ती तिथेच दिसते. मग एकदाच फायलीत घ्या.

डीटीपी, दारव्हा

महिनाभर पानं अडवून ठेवली तर छापखान्याची तारीख जाते. मी पहिल्याचा कागद घेतो, `p04` करतो, आणि दुसऱ्याच्या कागदावर वर मोठ्या अक्षरात लिहितो, ‘हे p03 वरचं आहे’. मग त्याची प्रत्येक खूण `p04` मध्ये शोधून बघतो, ती आधीच झाली आहे का. वेळ दुप्पट लागतो, हे खरं. तुमच्याकडे शोधक दोन आणि तारीख पक्की असेल, तर कोणतं करता, ते लिहा.