अनुभव द्या : बोलणाऱ्याकडे पाहून बोलणं नाकारलं तेव्हा

रामबागवाली : इंदूरकर मंडळी, माझे काका जन्मांध आहेत, घरीच तबला शिकवतात. मागच्या महिन्यात भरदुपारी त्यांच्या खोलीतून तबल्याची जोडी गेली. नेणारा आधी दारातून "काका, झोपलात का?" एवढंच बोलला. काकांनी आवाज ओळखला, पूर्वी रोज शिकायला येणारा मुलगा. ठाण्यात त्यांनी नाव सांगितलं. लिहून घेणारा माझ्याकडे बघून म्हणाला, "इन्हें कैसे पता?" काका शेजारीच बसले होते! सही येत असून अंगठा घेतला. घरी येऊन कागद वाचला, तर त्यात "अज्ञात व्यक्ति".
तुमचे अनुभव लिहा. कोण बोलतंय हे बघून शब्द उडवून लावला, असेच हवेत.

सराफ्यातला_खवय्या : आमच्या घरी माझं कोण ऐकतं? गराडू तळताना तेल तापू द्या म्हणून सांगून थकलो.

रामबागवाली : दादा, तुमचं ऐकत नाहीत ते तुम्ही रोज सांगता म्हणून. हा धागा त्याचा नाही.

निवृत्त_रोखपाल : पोलिसांचं सगळंच चूक नाही. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार नाही, ओळख परेड होणार नाही, आणि एकट्याच्या शब्दावर कोर्ट काही करत नाही. दारातून आलेले तीन शब्द, माणूस चुकूही शकतो.

काळा_कोट : शेवटचं वाक्य बरोबर, आधीची नाहीत. किती साक्षीदार हवेत असा आकडा 1872च्या साक्ष कायद्यात नव्हता आणि 2024पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही नाही. साक्ष द्यायला प्रश्न समजणं आणि नीट उत्तर देता येणं पुरेसं, दिसण्याची अट नाही. 2021 साली सुप्रीम कोर्टापुढे आंध्रातल्या एका अंध मुलीचं बलात्काराचं प्रकरण होतं. आरोपी तिच्या भावांच्या ओळखीचा, घरी येणारा-जाणारा. तिने त्याला आवाजावरून ओळखलं होतं. केवळ अपंगत्वामुळे साक्ष दुय्यम धरता येणार नाही, असं कोर्टाने सांगितलं.
पण आवाजाची ओळख तपासावी लागतेच. ओळख किती जुनी, शेवटचं बोलणं कधी झालं, किती अंतरावरून, पंखा-कुकरचा आवाज होता का, आणि नाव काकांनी आपणहून घेतलं की कोणी सुचवलं? अनोळखी माणसाचे तीन शब्द असतील तर पुरावा कच्चाच. रोज समोर बसून बोल म्हणणाऱ्या शिष्याची गोष्ट वेगळी. ठाण्यात यातलं काय विचारलं?

रामबागवाली : एकही नाही.

काळा_कोट : मग ती शंका नव्हे. शंका आली की माणूस प्रश्न विचारतो. फिर्याद वाचून दाखवणं आणि प्रत फुकट देणं कायद्याने बंधनकारक आहे. काकांच्या बाबतीत वाचून दाखवणं तर पहिलं. आता लेखी अर्ज वरिष्ठ अधिकाऱ्याला पोस्टाने पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. अर्जात "त्याने चोरलं" असं नको. "हा आवाज ऐकला, तो अमक्याचा म्हणून ओळखला, नंतर जोडी जागेवर नव्हती", एवढंच.

प्राध्यापिका_निवृत्त : मिरांडा फ्रिकर या तत्त्वज्ञ बाईंनी 2007मध्ये याची नीट मांडणी केली. ऐकणारा नुसता चुकला तर त्याला त्या अन्याय म्हणत नाहीत. बोलणारा कोणत्या प्रकारच्या माणसांपैकी आहे, याबद्दलच्या पूर्वग्रहामुळे विश्वास कमी पडला, तरच अन्याय. आमच्या रामबागवाल्या बाईंना उत्तरं द्यायला लावली, यातच सगळं आलं.

पोळीवाल्या_मावशींची_भाची : मावशी टाईप करत नाहीत, मी लिहिते. एका घरी अंगठी हरवली. मावशी म्हणाल्या, "वहिनींनी कणीक मळताना काढून डब्यापाशी ठेवली होती, मी पाहिली." पाहिली म्हणाल्या म्हणूनच संशय त्यांच्यावर! अंगठी दोन दिवसांनी पिठाच्या डब्यात सापडली. कोणी सॉरी म्हणालं नाही, वर "तुम्ही आधी नीट सांगायचं ना" हे ऐकवलं.
एक विचारू? तो तबल्याचा मुलगा कोणाचा?

रामबागवाली : आमच्याकडे धुणं करायच्या त्या बाईंचा.

पोळीवाल्या_मावशींची_भाची : मग उद्या तो म्हणाला "मी नव्हतो", तर त्याचं कोण ऐकणार? काकांचा शब्द लिहून घ्या हे पटतं. पण नाव एकदा लिहिलं गेलं की त्या घरी पोलीस कसे जातील, हे आम्हाला माहीत आहे.

निवृत्त_रोखपाल : मी तेच म्हणत होतो.

काळा_कोट : नाही, तुम्ही काकांचा शब्दच नको म्हणत होता. फिर्यादीत नाव येणं म्हणजे गुन्हा शाबीत होणं नव्हे. मुलाचा जबाबही घ्यावा लागेल, त्या दुपारी कुठे होता ते तपासावं लागेल. तसं होतंच, असं मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही.

रामबागवाली : काकांना हे सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, आवाज त्याचाच, पण जोडी त्यानेच उचलली हे मी कुठे ऐकलं? आता आमच्या घरात वाद चालू आहे. अर्ज आधी पोस्टात टाकायचा, की आधी मुलाला बोलावून विचारायचं? आई म्हणते बोलावलं तर तो कबूल करणारच, घाबरून. भाची, मावशींना विचारून सांगशील?