प्रतिसाद: वेटिंग लिस्टशी तुलना

«आठ आठवड्यांच्या माइंडफुलनेस ध्यानाच्या कोर्सने ताण घटतो, एवढं निबंधात लिहिलं तर पुरेल का?»

नाही पुरणार. घटतो, पण कोणाच्या तुलनेत?

आमच्या रत्नागिरीचंच उदाहरण घ्या. समजा, एप्रिलमध्ये, ऐन आंब्याच्या धांदलीत, बागायतदारांना कोर्सला बसवलं. ताणाच्या प्रश्नावलीत ४० पैकी सरासरी २४ गुण आले, जूनमध्ये १६. पण तोवर पेट्या रवाना झाल्या, हिशेब मिटले, पाऊस लागला! तुलनेला वेटिंग लिस्टवरचा गट, म्हणजे कोर्स नंतर मिळणारी माणसं, ठेवला तर हा हंगामाचा भाग वजा होतो. तरीही शिक्षकाचं लक्ष, सोबत आणि ‘फरक पडणारच’ ही अपेक्षा कोर्सवाल्यांनाच मिळते. प्रश्नावलीही माणसं स्वतःच भरतात, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे त्यांना ठाऊक असतं.

म्हणून अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी तुलनेसाठी तितक्याच तासांचा दुसरा कोर्स रचला: व्यायाम, आहार, संगीत, पण ध्यान नाही. २०१२च्या त्या चाचणीत मानसिक त्रास दोन्ही गटांत सारखाच कमी झाला. ध्यानावरच्या चाचण्यांच्या २०१४च्या आढाव्यातही (४७ चाचण्या, ३,५१५ माणसं) चिंता-नैराश्य कमी होण्याचा मध्यम दर्जाचा पुरावा निघाला, ताणासाठी मात्र कमकुवत. व्यायाम किंवा औषधांपेक्षा ध्यान सरस, असंही दिसलं नाही.

निबंधात प्रत्येक चाचणीपुढे तुलनेचा गट कोणता होता, ते आधी लिहा.