शब्दचर्चा : जोडणीच्या चित्रांखालील त्रोटक ओळी अरबीत क्रमवार कशा लिहाव्यात?

विचारणा (पुणे)
आमच्याकडे तयार होणारे पुस्तकांचे एक लहान कपाट सुट्या भागांत मस्कत आणि शारजा येथे जाते. जोडणीच्या पत्रकाचा फोटो माझ्यापुढे आहे. त्यात सहा चित्रे दोन ओळींत, डावीकडून उजवीकडे मांडली असून प्रत्येक चित्राखाली दोन-तीन शब्दांची इंग्रजी ओळ आहे : ‘इन्सर्ट डॉवेल्स’, ‘अटॅच टॉप’, ‘डू नॉट टाइटन’, अशा धर्तीची. मी अरबी शिकले आहे, परंतु या ओळी जशाच्या तशा अरबीत घातल्या की वाक्य अपुरे वाटते, आणि लांबवल्या की चित्रात नसलेले काही आपण सांगत आहोत अशी शंका येते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे. स्क्रूसाठी ‘मिस्मार’ हा शब्द चालेल का, हेही सांगावे.

रंधा (भिवंडी)
ताई, माझे सुतारकामाचे आयुष्य गेले, अरबी मात्र येत नाही. तरीही एक विचारतो : अरबी आणि उर्दूची लिपी सारखीच आहे, तर एखाद्या मौलवींकडून उर्दूत लिहून घेतले तर आखातातील कारागिरांना ते अधिक कळणार नाही का? तिथे जोडणी करणारे बहुतेक आपल्याकडचेच असतात.

मस्कतनिवासी अनुवादक
रंधासाहेब, कारागिरांबद्दलचे आपले निरीक्षण बरोबर आहे, पण इथे पत्रक गिऱ्हाइकाच्या हातात पडते आणि मागणी अरबीची आहे. उर्दू लिपीत अरबीत नसलेली अक्षरे आहेत आणि वाक्यरचना तर निराळीच आहे, त्यामुळे एकाचे काम दुसऱ्याने भागत नाही.

आता मूळ प्रश्न. ‘इन्सर्ट डॉवेल्स’ ही ओळ त्रोटक वाटते, कारण बाकीचे सगळे चित्र सांगते. अरबीत मात्र संख्या टाळून लिहिले तर वाचणारा अडतो, आणि संख्या लिहायची तर शब्दाचे रूपच बदलते : दोनसाठी द्विवचन, तीन ते दहासाठी अनेकवचन, अकरापासून पुन्हा एकवचन. म्हणून आधी चित्रातील भोके मोजावी लागतात. तुमच्या पहिल्या चित्रात काय दिसते ते नेमके सांगा.

विचारणा (पुणे)
एक फळी आडवी ठेवलेली आहे, तिच्या कडेला चार भोके आहेत आणि त्यांत लाकडी खुंट्या शिरताना दाखवल्या आहेत. कोपऱ्यात ‘२x’ असे छापले आहे. फळीवर ‘ए’ हे अक्षर आहे. भागांच्या यादीत खुंट्या आठ आहेत.

मस्कतनिवासी अनुवादक
म्हणजे ‘२x’चा अर्थ दोन खुंट्या असा नसून हीच कृती दोन फळ्यांवर करायची असा आहे, यादीतील आठ हा आकडा त्याला दुजोरा देतो. मग वाक्य असे होईल : ‘अद्खिल अर्बअत औताद फी कुल्लिन मिनल्-लौहैन’, म्हणजे दोन्ही फळ्यांपैकी प्रत्येकीत चार खुंट्या बसवा. (हा ‘लौह’ म्हणजे फळी, लोखंड डोक्यातून काढून टाका.) ‘लौहैन’ या द्विवचनातच दोन आल्यामुळे ‘२x’ वेगळे लिहिण्याची गरज उरत नाही. ‘आठ खुंट्या बसवा’ असे लिहिले असते, तर संख्या खरी असूनही समोरच्या एकाच फळीत आठ भोके शोधत माणूस बसला असता.

‘मिस्मार’बद्दल सावध राहा. त्याचा अर्थ खिळा. इजिप्तमध्ये स्क्रूलाही ‘मिस्मार कलावूझ’ म्हणतात, पण मस्कत-शारजासाठी स्क्रूला ‘बुर्गी’, अनेकवचनी ‘बरागी’, असेच लिहावे.

विचारणा (पुणे)
पाचव्या चित्रात पाठीमागचा पातळ पत्रा बारीक खिळ्यांनी ठोकायचा आहे. म्हणजे स्क्रूसाठीही ‘मिस्मार’ वापरला असता, तर हातोडी कुठे आणि पेचकस कुठे हे कळले नसते.

रंधा (भिवंडी)
पेचकसाने खिळा कोण फिरवेल? चित्रात दिसतेच की.

मस्कतनिवासी अनुवादक
नीट छापलेल्या चित्रात दिसते. फोटोवरून काढलेल्या प्रतीत स्क्रूचे आटे पुसट होतात आणि दोन्ही काड्यांसारखेच दिसतात. म्हणून ‘मिस्मार’सोबत ‘मित्रका’, म्हणजे हातोडी, हा शब्दही त्याच वाक्यात घालावा.

शारजाकर
माझा अनुभव सांगतो. इथल्या एका दुकानातून घेतलेल्या कपाटाच्या पत्रकात अरबी उजवीकडून येते म्हणून संपूर्ण पानच आरशात उलटवल्यासारखे केले होते. परिणामी दाराच्या बिजागऱ्या चित्रात उजवीकडे आणि फळीवरची भोके डावीकडे. शिवाय जे गोल लॉक फिरवून पक्के होते, त्याचा बाणही उलटला, त्यामुळे कितीही फिरवले तरी फळी हलतच राहिली. पानाची दिशा बदलावीच लागते ना? मग काय करायचे?

मस्कतनिवासी अनुवादक
चौकटींचा क्रम उलटवावा, चौकटीतले चित्र कधीही उलटवू नये. चित्रे आहेत तशी ठेवून खाली फक्त अरबी घातले, तर वाचणारा वरच्या उजव्या कोपऱ्यापासून सुरुवात करेल आणि तिसरी कृती पहिली समजेल. माझा स्वतःचा कल सहाही चित्रे एकाखाली एक घेऊन मजकूर शेजारी ठेवण्याकडे असतो. त्याने हा वादच मिटतो, पान मात्र लांबते. बाणाची दिशा शब्दांतही द्यावी : ‘बित्तिजाहि अकारिब अस्-साअत’, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. शब्द आणि बाण जुळले नाहीत, तर चित्र उलटले आहे हे छपाईपूर्वीच कळते.

विचारणा (पुणे)
‘डू नॉट टाइटन’ तिसऱ्या चित्राखाली आहे, आणि स्क्रू पूर्ण आवळायचे ते सहाव्यात, कपाट उभे केल्यावर. मी तिसऱ्या कृतीच्या शेवटी स्वतंत्र सूचना लिहिली होती.

मस्कतनिवासी अनुवादक
सूचना शेवटी आली, तर ती वाचेपर्यंत माणसाने स्क्रू आवळलेले असतात. तिला क्रियापदालाच जोडा : ‘रक्किब अल्-बरागी दून शद्दिहा बिल्-कामिल’, अर्थात पूर्ण न आवळता स्क्रू बसवा. सहाव्यात ‘सुम्म’, म्हणजे ‘त्यानंतर’, हा शब्द घालून कपाट उभे करण्याची आणि आवळण्याची कृती त्याच क्रमाने लिहा.

पदवीधर (औरंगाबाद, अरबीचे विद्यार्थी)
आमच्या शिक्षकांच्या मते आज्ञार्थाऐवजी ‘कुम बि’ ही रचना अधिक सभ्य ठरते : ‘कुम बि-तरकीब अल्-बरागी’. पत्रकांत मी तीच अधिक पाहिली आहे.

मस्कतनिवासी अनुवादक
पत्रकांत ती आहे, हे खरे. पण शैलीचे जाणकार तिला पाणी घातलेली रचना मानतात, कारण ‘बसवा’ म्हणण्याऐवजी ‘बसवण्याचे कार्य करा’ असे ती सांगते. चित्राखालच्या जागेत एक शब्दसुद्धा महाग असतो.

पदवीधर
तरीही गिऱ्हाइकाला ‘तू’ म्हटल्यासारखा एकवचनी आज्ञार्थ मला रुचत नाही.

शारजाकर
मला तो कधी खटकला नाही, पण मी अरबी बाजारात शिकलो, पुस्तकात नव्हे.

विचारणा (पुणे)
मी आज्ञार्थच ठेवते. भागांची अक्षरे राहिली. ‘ए, बी, सी, डी’ऐवजी अरबी अक्षरे द्यायची, तर ‘अलिफ, बा, ता, सा’ असे द्यावे का?

मस्कतनिवासी अनुवादक
क्रम दाखवण्यासाठी ‘अलिफ, बा, जीम, दाल’ हा जुना क्रम वापरतात, म्हणून ‘सी’च्या जागी ‘जीम’ येईल. मात्र मजकुरात बदलले, तर चित्रातही आणि फळीवरच्या चिकटपट्टीवरही बदलावे लागेल. फळ्यांवर रोमन अक्षरे छापून झाली असतील, तर मजकुरातही तीच ठेवा. आकड्यांचेही तसेच. अरबी पद्धतीचा पाच आपल्या शून्यासारखा दिसतो, त्यामुळे पुण्यात मुद्रित तपासणाऱ्याने तेवढे ध्यानात ठेवावे.

रंधा (भिवंडी)
त्या गोल लॉकला काय म्हणायचे, ते कोणीच सांगितले नाही.

पदवीधर
‘अल्-कुफ्ल अद्-दाइरी’, म्हणजे गोल कुलूप, असे सुचवतो.

मस्कतनिवासी अनुवादक
कुलूप म्हटले की लोक चावी शोधतात. मी तिथे नावाऐवजी फक्त भागाचे अक्षर लिहितो आणि ते चित्रात ठळक करून घेतो. याहून चांगला शब्द कोणाला ऐकिवात असेल, तर जरूर कळवावा.