अनुभव धागा: रविवारच्या मॅचचे पैसे तुमच्या टीममध्ये कसे वाटले जातात?

कर्वेनगरचा कॅप्टन

आमची टीम नोकरदारांची. पांढरा लेदर बॉल, 20 ओव्हर, रविवार सकाळचा स्लॉट आणि मैदान वाघोलीच्या पुढे. दर मॅचनंतर "एवढे कसे झाले?" हा प्रश्न यायचा, म्हणून सीझनच्या सुरुवातीलाच ग्रुपवर हा मेसेज टाकला. जसाच्या तसा देतोय. तुमच्याकडे काय पद्धत आहे, कुठे भांडणं झाली, ते लिहा.

"मंडळी, एकदाच नीट वाचा, नंतर पार्किंगमध्ये हिशोब विचारू नका. ग्राउंड 9,000, त्यातले आपले अर्धे 4,500. अंपायर दोन, प्रत्येकी 800, आपला हिस्सा 800. स्कोअरर 500, आपले 250. बॉल ज्याचा त्याने आणायचा. आपण बोलिंग करतो तो आपला, 650. एकूण 6,200. याला 11 ने भागलं की 563 आणि वर काही पैसे. प्रत्येकी 570 घेणार. वरचे 70 बॉलच्या डब्यात.

भागायचं 11 ने. किती जण उगवले त्याने नाही. नाव द्यायची मुदत गुरुवार रात्री नऊ. त्यानंतर गळालात तर 570 द्यायचे किंवा आपल्या जागी माणूस आणायचा. शून्यावर आउट झालात, बोलिंग मिळाली नाही, तरी 570 च. पैसे शनिवारी रात्रीपर्यंत जीपे करा, मैदानावर सुट्टे शोधायला लावू नका."

11 ने भागण्याचं कारण मागच्या सीझनमध्ये आहे. एका मॅचला नऊच जण आले. नऊ जणांचे 570 म्हणजे 5,130. वरचे 1,070 मी भरले. गळालेल्या दोघांपैकी एकाला घरचं काम होतं, दुसऱ्याला झोप लागली होती. त्या दोघांनी 570 दिले असते तर बरोबर 6,270 झाले असते. आता "न खेळता पैसे का?" असं विचारणाऱ्याला मी एवढंच सांगतो, की ग्राउंड तुझं नाव धरून घेतलं होतं.

सिंहगड रोड एक्स्प्रेस

मेसेज आवडला. पण बॉल ज्याचा त्याने कशाला? नियमात दोन्ही डावांना नवा बॉल सक्तीचा आहे, म्हणजे मॅचला दोन बॉल लागणारच. दोन्ही एकाच ठिकाणाहून घ्या, 1,300 होतील, निम्मे निम्मे वाटा. ग्राउंडसारखंच. समोरच्याने कुठला तरी 350 चा बॉल आणायचा आणि आपण 650 चा, हा कुठला न्याय? आमच्या बॅट्समनना दहाव्या ओव्हरनंतर बटाटा खेळावा लागतो.

पांढरा कोट

मी शनिवार-रविवार अंपायरिंग करतो, म्हणून लिहितो. सक्ती नाही. डाव सुरू होताना कुठलाही कॅप्टन नवा बॉल मागू शकतो, आणि मॅचआधी दोघांनी वेगळं ठरवलं असेल तर तेही चालतं. बोलिंग करणाऱ्याचा बॉल, बोलिंग करणाऱ्याचा खर्च, हा आपल्याकडचा रिवाज आहे. पण तुमचं अर्धं म्हणणं पटतं. बॉल कुठला हे टॉसच्या आधी ठरवा, दोन्ही बॉल आमच्या हातात द्या. टॉसनंतर पिशवीतून निघालेल्या बॉलवरून झालेले वाद मी पुष्कळ पाहिलेत.

खरा घोळ डिसेंबर-जानेवारीत असतो. सकाळी सातला आउटफिल्डवर दव असतं. पहिल्यांदा बोलिंग करणाऱ्या टीमचा बॉल चार-पाच ओव्हरमध्ये भिजतो. चामडं फुगतं, शिवण हाताला लागत नाही, बॉल जड होतो. टॉवेलने पुसून पुसून कंटाळा येतो. दुसऱ्या डावात ऊन वर आलेलं असतं, त्या टीमचा बॉल कोरडाच राहतो. म्हणजे कागदावर दोघांचा एकेक बॉल, पण एकाचा वाया गेला.

भिजून बाद झाला किंवा हरवला, तर आम्ही साधारण तेवढाच वापरलेला बॉल देतो, नवा नाही. तो आणायचा कुठून? तुमच्याच किटमधून. म्हणून कॅप्टनसाहेब, जुने बॉल फेकू नका. पाच, दहा, पंधरा ओव्हर झालेले बॉल वेगवेगळे ठेवा आणि ओव्हरचा आकडा पेनने बॉलवरच लिहा. तुमच्या त्या 70 रुपयांच्या डब्यापेक्षा ही पिशवी जास्त पैसे वाचवेल.

आणि एक विनंती, फीबद्दल. ती दोन डावांच्या मध्ये द्या. मॅच संपली की हरलेली टीम गाड्या काढते आणि आम्ही जिंकलेल्या टीमकडे दोघांचे पैसे मागत उभे. 800 मध्ये माझं येण्याजाण्याचं पेट्रोलही आहे, आणि दुपारच्या स्लॉटला दुसऱ्या मैदानावर पोचायचं असतं.

आईची शिफ्ट

माझा मुलगा बाराचा आहे. अकादमीत दर रविवारी मॅच लावतात आणि प्रत्येक वेळी 400 मागतात. कधी खेळवतात, कधी नाही. त्यात बॉल-अंपायर धरलेले असतात का? महिन्याची फी वेगळी देतोच आम्ही. कोणाला विचारावं?

पांढरा कोट

ताई, तो वेगळा विषय आहे. तिथे वाटणी नसते, अकादमी ठरवेल ती फी. पण पावतीवर काय काय धरलंय ते लिहून मागा. तुम्हाला तो हक्क आहे.

आकडेमोड

आमच्या टीमचा हिशोब माझ्याकडे असतो. आम्ही मॅचमागे पैसे घेणंच बंद केलं. सीझनच्या सुरुवातीला प्रत्येकी 4,000 जमा, खेळलेल्या मॅचचे कापायचे, शिल्लक 600 च्या खाली गेली की पुन्हा भरायचे. मैदानावर पैशांचा विषयच निघत नाही. दुखणं दुसरीकडे निघालं. ज्याची शिल्लक जास्त त्याला वाटतं आपली जागा पक्की. एकाला सलग दोन मॅच बाहेर बसवलं तर तो उरलेले पैसे परत मागून दुसऱ्या टीममध्ये गेला. तरीही मी पुन्हा वसुलीकडे वळणार नाही.

शिवाय कॅप्टन, तुमच्या मेसेजमध्ये एक गोष्ट राहिली. खर्च एका जातीचा नाही. ग्राउंडचे पैसे बुकिंग केलं तेव्हाच गेले. अंपायर मैदानावर आला की त्याचे काहीतरी द्यावे लागतात. बॉल मात्र बोलिंग केली तरच संपतो. पाऊस आला किंवा समोरची टीम आली नाही, तर हे तीन वेगळे धरावे लागतात. तुमचे 570 अशा दिवशी कोणाच्याच कामाचे नाहीत.

कर्वेनगरचा कॅप्टन

बरोबर. ऑक्टोबरमध्ये अवकाळी पावसाने सहाव्या ओव्हरला मॅच बंद झाली. ग्राउंडवाल्याने तारीख बदलून दिली. अंपायरना दोन्ही टीमने मिळून अर्धी फी दिली, बॉल सहा ओव्हरचा म्हणून पिशवीत गेला. माणशी 50 रुपये घेतले आणि बाकीचे पुढच्या मॅचला वळवले. पण हे सगळं तोंडी झालं, मेसेजमध्ये नव्हतं.

हडपसर नाइट वॉचमन

पाऊस परवडला. समोरची टीम शनिवारी रात्री अकराला "सॉरी भाई, प्लेअर कमी पडतायत" म्हणते तेव्हा काय करता? आगाऊ रक्कम आमची, ग्राउंडवाला म्हणतो पूर्ण भाडं द्या, स्लॉट आता कोण घेणार. तुमच्याच आकड्यांनी 9,000 भागिले 11, म्हणजे नुसत्या ग्राउंडचे माणशी 818. आम्ही दोन टीम पाडून आपसात खेळलो, सहा-सहा जण. मजा आली म्हणायचं आणि गप्प बसायचं.

तेव्हापासून नियम केला. समोरच्या कॅप्टनने आपला अर्धा आगाऊ हिस्सा बुधवारपर्यंत थेट ग्राउंडवाल्याला पाठवायचा आणि स्क्रीनशॉट आम्हाला. नाही आला तर गुरुवारी सकाळी दुसरी टीम शोधायला घ्यायची. काही जणांना राग येतो. येऊ दे.

पॉइंटवरची पोरगी

आमची मुलींची टीम आहे, लेदर बॉलचीच. आमच्यात 11 ने भागणं जमतच नाही. निम्म्या कॉलेजच्या, निम्म्या नोकरीच्या. आम्ही नोकरीवाल्यांकडून 700 आणि कॉलेजवाल्यांकडून 400 घेतो. सहा नोकरीच्या म्हणजे 4,200, पाच कॉलेजच्या म्हणजे 2,000. तुमचेच 6,200 होतात बघा. पण ज्या रविवारी चारच नोकरीच्या असतात, त्या दिवशी 2,800 आणि 2,800, म्हणजे 600 कमी. ते फंडातून. फंड कशातून, तर सहा-पाचपेक्षा जास्त नोकरीच्या आल्या त्या दिवशीचा वरचा पैसा. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजच्या गावाला जातात तेव्हा फंड फुगतो, परीक्षेनंतर रिकामा होतो.

एक प्रश्न. बाराव्या खेळाडूचं काय करता? आमच्याकडे ती फिल्डिंगला उभी राहते, पाणी देते, कधीकधी स्कोअरिंगही करते. तिच्याकडून पैसे घ्यायला जीव होत नाही.

सिंहगड रोड एक्स्प्रेस

घ्यायचेच नाहीत. उलट आपल्या टीमचं स्कोअरिंग मोबाईलवर त्याने केलं तर आपले 250 वाचतात.

आकडेमोड

आणि मग बारावा कोणीच व्हायला तयार नसतो, किंवा उलट, फुकट म्हणून चार जण येतात. आम्ही 12 ने भागतो. तुमच्या खर्चाला 517 पडतील. अकरा जणांचे प्रत्येकी पन्नास वाचतात, म्हणजे त्यांना त्याची किंमत कळते.

पॉइंटवरची पोरगी

म्हणजे न खेळणारीने खेळणाऱ्यांचे पन्नास वाचवायचे? नाही पटलं.

निवृत्त ओपनर

आमच्या वेळी एस. पी. कॉलेजच्या मैदानावर नेट लावायचो तेव्हा बॉल कोणी आणला हेच विचारायचे, हिशोब कोण ठेवतो! असो. एका टीमने माझ्यासमोर "खेळला तेवढे पैसे" हा प्रयोग केलाय. बॅटिंग केली तर इतके, ओव्हर टाकल्या तर इतके, नुसती फिल्डिंग तर कमी. पहिल्याच मॅचमध्ये ओपनरने 58 काढले आणि सगळ्यात जास्त पैसे त्याला लागले. दुसऱ्या मॅचला चौथ्या बोलरने "मला तीनच ओव्हर दे, चौथी परवडत नाही" असं सांगितलं. प्रयोग तिथेच संपला.

कर्वेनगरचा कॅप्टन

मेसेजमध्ये तीन ओळी वाढवतोय. "पावसाने मॅच झाली नाही तर ग्राउंडचे पैसे पुढच्या तारखेला, अंपायर आले असतील तर अर्धी फी, बॉलचे शून्य. समोरच्या टीमचा आगाऊ हिस्सा बुधवारपर्यंत न आल्यास मॅच रद्द समजावी. अंपायरची फी दोन डावांच्या मध्ये, देणारा व्हाइस कॅप्टन."

बाराव्यासाठी ग्रुपवर मत घेतलं. सहा जण म्हणाले निम्मे, चार म्हणाले काहीच नको, एकाने उत्तरात फक्त हसण्याची इमोजी टाकली. तो नेहमीचा बारावा आहे.

हडपसर नाइट वॉचमन

बुधवारचं लिहिलंत ते बरं केलंत. त्यात "स्क्रीनशॉटसह" हा शब्द घाला. "पाठवले भाई" वर विश्वास ठेवू नका.