तिन्ही अलंकार तीनच चौकटींचे

‘व्याख्या देऊन शब्द विचारला की मुलं पाठांतरावरच कोडं सोडवतात.’

अलंकारांच्या शब्दकोड्याबद्दलची ही तक्रार अगदी खरी. मी संकेत म्हणून व्याख्येऐवजी वाक्य देते: ‘दिव्यांसारखे डोळे’, ‘डोळे जणू दिवेच’, ‘डोळ्यांचे दिवे रात्रभर तेवत राहिले’. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक. चौकटीत एक अक्षर, जोडाक्षरही एकाच चौकटीत, म्हणून तिन्ही शब्द तीन चौकटींचेच होतात आणि चौकटी मोजून उत्तर फुटत नाही.

फुटतं ते छेदाच्या, म्हणजे आडवा नि उभा शब्द जिथे एकमेकांना छेदतात त्या अक्षरामुळे. मी एकदा ‘रूपक’चा छेद ‘रू’वर ठेवला आणि सगळ्यांनी वाक्य न वाचताच ते भरलं. आता मधल्या ‘प’वर ठेवते, तिथे ‘उपमा’ही बसते. मग वाक्यात साम्यवाचक शब्द आहे का, हे पाहावंच लागतं. ‘उपमा’चा छेद मात्र ‘उ’वर, म्हणजे ‘उत्प्रेक्षा’ची शक्यता उरते.